वधारलेल्या दिवशी लाल कँडल : चार्टवरचे चार भाव नेमके काय सांगतात

सोमवार, ३ जून २०२४ रोजी निफ्टी ७३३ अंकांनी, म्हणजे सव्वातीन टक्क्यांनी वर बंद झाला. शनिवारी संध्याकाळी लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल आले होते आणि सोमवारी बाजाराने त्यांचे जोरदार स्वागत केले, ही बातमी सर्वत्र झळकली. तरीही त्या दिवसाची निफ्टीची डेली कँडल उघडून पाहिली, तर ती लाल दिसते. चार्टमध्ये बिघाड नाही आणि बातमीही खोटी नाही. दोघांनी एकाच बंद भावाची तुलना दोन वेगवेगळ्या भावांशी केली आहे, एवढाच फरक आहे. हा फरक नीट उमगला की कँडल वाचण्याचे अर्धे काम झाले, असे मी मानतो. म्हणून या लेखात कँडलच्या डझनावारी आकृत्यांची नावे देण्याऐवजी त्या आठवड्यातील तीनच कँडल सावकाश वाचून पाहू.

प्रत्येक कँडलमध्ये चार भाव असतात. ठरावीक कालावधीतील पहिला भाव म्हणजे ओपन, शेवटचा भाव म्हणजे क्लोज, त्या दरम्यान गाठलेला सर्वांत वरचा भाव म्हणजे हाय आणि सर्वांत खालचा म्हणजे लो. ओपन आणि क्लोज यांच्यामधला जाड भाग ही कँडलची बॉडी, आणि बॉडीच्या वर-खाली निघालेल्या बारीक रेषा म्हणजे विक. क्लोज ओपनपेक्षा वर असेल तर बॉडी हिरवी, खाली असेल तर लाल. काल बाजार कुठे बंद झाला होता, याचा या रंगाशी काहीही संबंध नाही. टीव्हीच्या पडद्यावर आणि ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये दिसणारी टक्केवारी मात्र नेहमी कालच्या बंद भावावरून काढलेली असते.

आता ३ जूनचे आकडे पाहू. शुक्रवारी, ३१ मे रोजी निफ्टी २२,५३१ वर बंद झाला होता. सोमवारी तो थेट २३,३३८ वर उघडला. मधले सुमारे ८०७ अंक त्याने उघडतानाच एका उडीत ओलांडले. आदल्या दिवसाचा क्लोज आणि आजचा ओपन यांच्यातल्या या उडीलाच गॅप म्हणतात. दिवसाचा हाय २३,३३९ होता, म्हणजे ओपनच्या वर जेमतेम एक अंक. लो २३,०६२ आणि क्लोज २३,२६४. याचा अर्थ असा की दिवसभराची सगळी वाढ सकाळी सव्वानऊच्या ठोक्यालाच पदरात पडली होती, आणि त्यानंतरच्या सव्वासहा तासांत निफ्टीने उलट ७४ अंक गमावले. शुक्रवारी ज्याच्या हातात शेअर होते, त्याच्यासाठी तो दिवस दिवाळीचा होता. सोमवारी सकाळी बातमी वाचून पहिल्याच मिनिटाला ज्याने निर्देशांकावरचा ईटीएफ किंवा फ्युचर घेतला, तो संध्याकाळी बहुधा थोड्या तोट्यात होता. लाल रंग या दुसऱ्या माणसाची हकीकत सांगतो. नवीन ट्रेडर बहुतेक वेळा हाच दुसरा माणूस असतो, म्हणून त्याने टक्केवारीइतकेच बॉडीकडेही पाहिले पाहिजे.

येथे एक व्यावहारिक सूचना करतो. ट्रेडिंगव्ह्यूसारख्या चार्टवर रंग मागील बंद भावावरून ठरवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती चालू असेल तर वरची ३ जूनची कँडल हिरवी दिसेल. त्यामुळे दुसऱ्याच्या मोबाइलवरील किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चार्टचा रंग पाहून मत बनवण्याआधी तो रंग कशावरून ठरला आहे, हे पाहून घ्यावे.

मंगळवारी, ४ जूनला मतमोजणी झाली. निफ्टी २३,१८० वर उघडला आणि तोच दिवसाचा हाय ठरला. लो २१,२८१, क्लोज २१,८८४. कँडलला वर विक मुळीच नाही. उघडल्या क्षणापासून दिवसभरात एकदाही त्या भावाच्या वर जाता आले नाही, एवढे या एका रिकाम्या जागेवरून कळते. आदल्या दिवसापेक्षा निफ्टी १,३७९ अंकांनी खाली बंद झाला. त्यांपैकी फक्त ८४ अंक गॅपमध्ये गेले आणि उरलेले सुमारे १,२९५ अंक बॉडीत, म्हणजे बाजार चालू असताना, डोळ्यांदेखत गेले. आदल्या दिवसाशी याची तुलना केली तर चित्र अगदी उलटे आहे. तिथे हालचाल रात्रीच्या, खरे तर शनिवार-रविवारच्या पोटात झाली आणि बाजार उघडण्याआधी कुणालाही मधल्या भावात सौदा करता आला नाही. इथे हालचाल दिवसा झाली आणि ज्याला बाहेर पडायचे होते, त्याला निदान संधी मिळाली. स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीला आला की तोटा रोखण्यासाठी आपोआप विक्री करणारी ऑर्डर, लावणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. बाजार चालू असताना भाव घसरत आला, तर स्टॉपलॉसची ऑर्डर साधारण ठरलेल्या भावाच्या आसपास पूर्ण होते. भाव गॅपने उघडला, तर ती ठरलेल्या भावाला नव्हे, उघडलेल्या भावाच्या आसपास पूर्ण होते, मग तो भाव शंभर अंक लांब का असेना.

त्या कँडलची खालची विक सुमारे ६०३ अंकांची आहे. निफ्टी तळापासून तेवढा वर येऊन बंद झाला. नुसती विक लांब आहे म्हणून लगेच ‘खरेदीदार परतले’ असे म्हणण्याआधी ती संपूर्ण पट्ट्याच्या प्रमाणात मोजावी. हाय आणि लो यांतील अंतर १,८९८ अंक, त्यात क्लोज लोच्या वर ६०३ अंकांवर. म्हणजे बंद भाव दिवसाच्या पट्ट्यात तळापासून साधारण ३२ टक्के उंचीवर होता. तळाची भीती थोडी ओसरली होती, पण दिवसाचा मोठा भाग विकणाऱ्यांच्याच ताब्यात राहिला होता, असा त्याचा सरळ अर्थ. बुधवारी, ५ जूनला ओपन २२,१२८, हाय २२,६७०, लो २१,७९२ आणि क्लोज २२,६२० होता. हेच गणित तिथे केले की बंद भाव पट्ट्यात तळापासून ९४ टक्के उंचीवर येतो. रंग, बॉडी, विक यांची वेगवेगळी नावे पाठ करण्यापेक्षा हे एकच गणित मला अधिक उपयोगी वाटते. क्लोजमधून लो वजा करा आणि आलेल्या संख्येला हाय-लोमधील अंतराने भागा. उत्तर एकाच्या जवळ असेल तर दिवस संपताना खरेदीदार वरचढ होते, शून्याच्या जवळ असेल तर विक्रेते.

त्या आकृतीने भाकीत केले होते का?

३ जूनच्या कँडलकडे पुन्हा एकदा पाहा. छोटी बॉडी, ती अगदी वरच्या टोकाला; वर विक जवळपास नाही; खाली २०२ अंकांची विक, म्हणजे बॉडीच्या पावणेतीन पट. निर्देशांक त्या वेळी विक्रमी उंचीवर होता. या आकृतीला शिकवणीवर्गात ‘हँगिंग मॅन’ म्हणतात आणि ती तेजी संपत आल्याची खूण म्हणून शिकवली जाते. दुसऱ्याच दिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के कोसळला. असा योग जुळला की आकृतीवर विश्वास बसायला वेळ लागत नाही, आणि इथेच सावध राहावे लागते. हीच आकृती, त्याच रंगात आणि त्याच मापात, घसरणीनंतर आली तर तिला ‘हॅमर’ म्हणतात आणि ती तेजीची खूण मानली जाते. म्हणजे कँडल स्वतः दिशा सांगत नाही. आपण तिच्या आधी काय घडले ते पाहून तिला दिशा देतो. शिवाय ४ जूनची घसरण मतपेट्यांतून आलेल्या आकड्यांमुळे झाली. हे आकडे सोमवारी कोणत्याही सौद्यात दडलेले नव्हते. आणि ४ जूनच्या भल्यामोठ्या लाल कँडलवरून ज्यांनी मंदी सुरू झाली असे मानले, त्यांना शुक्रवारी, ७ जूनला निफ्टी २३,२९० वर, म्हणजे कोसळण्याआधीच्या बंद भावाच्याही वर, बंद झालेला पाहावा लागला. कँडल झालेल्या व्यवहारांची नोंद ठेवते. पुढे काय होईल याबद्दल तिच्यात जे असते ते शक्यतेच्या पातळीवरचे, आणि मोठी बातमी येऊ घातली असेल तेव्हा तेवढेही नसते.

ओपन आणि क्लोज कसे ठरतात

पहिला सौदा म्हणजे ओपन आणि शेवटचा सौदा म्हणजे क्लोज, ही व्याख्या पाच मिनिटांच्या कँडलसाठी पुरेशी आहे. डेली कँडलसाठी ती अपुरी आहे, आणि त्यातून होणारा गोंधळ नवख्याच्या फार उशिरा लक्षात येतो.

आपल्या शेअर बाजारात सकाळी ९ ते ९.१५ हे प्री-ओपन सत्र असते. पहिल्या सात-आठ मिनिटांत ऑर्डर घेतल्या जातात, त्यानंतर त्या जुळवून ज्या भावाला सर्वाधिक शेअरांचा सौदा होऊ शकतो, तो भाव ओपन म्हणून ठरतो. उदाहरणार्थ, १०० रुपयांना ५,००० शेअर घ्यायला लोक तयार आहेत, पण विकायला ३,०००च आहेत, तर ३,००० शेअरांचा सौदा होईल. १०१ रुपयांना ४,००० घ्यायचे आहेत आणि ४,५०० विकायचे आहेत, तर ४,००० शेअरांचा होईल. १०२ रुपयांना खरेदीदार २,५०० वर आले, तर २,५००च शेअरांचा. म्हणून ओपन १०१. रात्रभर साचलेल्या सगळ्या मतांची ही एकत्रित बेरीज असते, त्यामुळे ओपनला वजन आहे. मात्र फारशी उलाढाल नसलेल्या शेअरमध्ये प्री-ओपनला जुळणी झालीच नाही, तर नंतरचा पहिला सौदा हाच ओपन ठरतो, आणि तो दहा शेअरांचाही असू शकतो.

बंद भावाची गोष्ट आणखी वेगळी आहे. शेअरचा अधिकृत बंद भाव हा साडेतीन वाजताचा शेवटचा सौदा नसून, वर्षानुवर्षे चालत आलेल्या पद्धतीनुसार, शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांच्या भावांची, शेअरांच्या संख्येनुसार भारित सरासरी असतो. समजा, ३ ते ३.३० या वेळात एका शेअरचे १०,००० नग २०० रुपयांना विकले गेले आणि अगदी शेवटच्या मिनिटांत २,००० नग २०६ रुपयांना. एकूण रक्कम २४,१२,००० रुपये, नग १२,०००, म्हणून बंद भाव २०१ रुपये. तुमच्या पाच मिनिटांच्या चार्टवरची शेवटची कँडल मात्र २०६ वर संपलेली असते. आता हा शेअर सकाळी २०३ ला उघडला होता असे धरा. शेवटच्या सौद्यावरून कँडल काढली तर ती हिरवी, अधिकृत बंद भावावरून काढली तर लाल. साडेतीन वाजता हिरवी दिसलेली डेली कँडल संध्याकाळी पाहिली तर लाल झालेली असते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. दुसऱ्या दिवशी शेअर २०४ ला उघडला, तर अ‍ॅप ३ रुपयांची वाढ दाखवेल, आणि ज्याने आदल्या दिवशी शेवटच्या मिनिटाला २०६ ला घेतला, तो २ रुपये तोट्यात असेल. निफ्टीचा बंद आकडाही त्यातील पन्नास शेअरांच्या अशाच बंद भावांवरून निघतो, म्हणून साडेतीनला थबकलेला आकडा आणि नंतर जाहीर होणारा आकडा यांत थोडा फरक पडतो. बंद भाव स्वतंत्र लिलावातून ठरवण्याचा प्रस्ताव सेबीने २०२५ मध्ये मांडला होता, त्यामुळे सरासरीची ही पद्धत कायमची आहे असे समजू नये.

हाय आणि लो काय सांगत नाहीत

हाय आणि लो हे दोन्ही भाव खरे असतात, पण ते कोणत्या क्रमाने आले हे कँडलमध्ये नोंदलेले नसते. एक शेअर ५०० ला उघडला, हाय ५१२, लो ४९४ आणि क्लोज ५०६. तो आधी ४९४ पर्यंत पडून मग ५१२ पर्यंत चढला असेल, किंवा आधी ५१२ करून, घसरून, पुन्हा ५०६ वर आला असेल. दोन्ही वाटांनी तयार होणारी कँडल तंतोतंत सारखी आहे. तुम्ही ५०० ला खरेदी करून ४९५ चा स्टॉपलॉस आणि ५११ चे टार्गेट लावले असते, तर पहिल्या वाटेने तुम्ही ५ रुपये हरला असता आणि दुसऱ्या वाटेने ११ रुपये जिंकला असता. जुन्या चार्टवर बोट ठेवून ‘इथे घेतले असते तर इतके मिळाले असते’ असा हिशोब मांडणारे बहुतेक जण नकळत आपल्या सोयीची वाट गृहीत धरतात. अशा वेळी त्या दिवसाचा पाच मिनिटांचा चार्ट उघडून क्रम तपासणे एवढाच उपाय आहे. आपल्या बाजारात एका दिवसात पाच मिनिटांच्या ७५ कँडल होतात, त्यामुळे हे तपासायला फार वेळ लागत नाही. तासाच्या कँडल पाहत असाल तर एक बारकावा लक्षात ठेवा. बाजार ३७५ मिनिटे चालतो, म्हणून पहिल्या सहा कँडल तासाच्या आणि सातवी, ३.१५ नंतरची, फक्त पंधरा मिनिटांची असते. तिची बॉडी लहान दिसली म्हणून हालचाल थंडावली असा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे विकच्या टोकाला किती सौदे झाले, हेही कँडल सांगत नाही. मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये याने फारसे बिघडत नाही. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये आणि त्याहून अधिक, चालू भावापासून दूरच्या ऑप्शनमध्ये, बाजारभावाने टाकलेली एकच ऑर्डर लांबलचक विक काढून जाते. ऑप्शनच्या चार्टवर आणखी एक फसवी हालचाल दिसते. समजा, खरेदीदार ४० रुपये देऊ करतो आहे आणि विक्रेता ४६ मागतो आहे. एक सौदा ४० ला, पुढचा ४६ ला, त्यापुढचा पुन्हा ४० ला झाला, तर चार्टवर हिरव्या-लाल कँडलची चांगली धुमश्चक्री दिसते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे भाव तसूभरही हललेले नसतात. हे ओळखण्यासाठी कँडलच्या खाली दिसणारे व्हॉल्यूमचे खांब आणि ऑर्डरच्या खिडकीतील खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर पाहावे. अंतर कँडलच्या उंचीइतकेच असेल, तर ती कँडल वाचण्यात अर्थ नाही.

कँडल पूर्ण होण्याआधी ती वाचू नये, हे सगळेच सांगतात आणि फार थोडे पाळतात. पंधरा मिनिटांच्या कँडलला चौदाव्या मिनिटापर्यंत भरदार हिरवी बॉडी असते आणि शेवटच्या मिनिटात तिची नुसती वरची विक उरते, हे दृश्य रोज कोणत्या ना कोणत्या शेअरमध्ये दिसते. बोनस किंवा स्प्लिटनंतर जुने भाव त्या प्रमाणात बदललेले आहेत की नाहीत, हेही एकदा तपासावे, नाहीतर एकास एक बोनसचा दिवस अर्ध्या किमतीला कोसळलेल्या गॅपसारखा दिसतो. आणि चार्टचा प्रकार ‘हेकिन आशी’ निवडलेला असेल, तर त्यातील ओपन आणि क्लोज हे सरासरी काढून तयार केलेले असतात. रंग सलग आणि सुबक दिसतात, परंतु त्या भावांना कुणी सौदा केलेला नसतो, म्हणून स्टॉपलॉसचा भाव त्यावरून ठरवू नये.

शेवटी एका विचित्र कँडलबद्दल. छोट्या कंपनीच्या शेअरमध्ये कधी कधी नुसती आडवी रेघ दिसते. ना बॉडी, ना विक. चारही भाव एकच. ओपन आणि क्लोज समान असल्याने चार्टचे सॉफ्टवेअर तिच्यावर ‘डोजी’ असे लेबल चिकटवू शकते, आणि डोजी म्हणजे बाजाराची दोलायमान अवस्था असे आपण शिकलेलो असतो. प्रत्यक्षात काल १०० रुपयांना बंद झालेल्या, पाच टक्के मर्यादा असलेल्या शेअरला सकाळीच १०५ चे अपर सर्किट लागलेले असते. घेणाऱ्यांची रांग लागलेली असते आणि विकणारा कुणी नसतो. त्या दिवशी दोलायमान असे कुणीच नव्हते. मात्र मर्यादाच ५ टक्क्यांची असल्यामुळे मागणी आणखी किती वरच्या भावाला मिळाली असती, हे त्या रेघेत दिसू शकत नाही. अशा कँडलपाशी व्हॉल्यूम आणि खरेदीच्या बाजूला थांबलेल्या ऑर्डरींची संख्या पाहावी. ती संख्या दुपारपर्यंत झपाट्याने रोडावू लागली, तर चार्टवर काहीही न दिसता रेघ फुटण्याची वेळ जवळ आलेली असते.